आई आली, आई आल्या

लग्न होऊन दहाबारा दिवस झाले असतील. नवरा ऑफिसातून आला आणि मी त्याला म्हटलं, अरे आज आई आली होती. तो बूट काढता काढता म्हणाला, कुठली? आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाला, हां, आली म्हणालीस म्हणजे तुझीच.

तेव्हा हसलो दोघं. पण नंतर माझ्या लक्षात आलं की घरात आता दोन आया आहेत आणि त्या वेगळ्या ओळखायचं काम एकटं क्रियापद करतंय. मी 'आई आली' म्हटलं की माहेरची, 'आई आल्या' म्हटलं की सासूबाई. 'आईला सांग' म्हणजे ठाण्याला फोन, 'आईंना सांग' म्हणजे साताऱ्याला. एक अनुस्वार आणि 'ला'चा 'ना', बास. आणि नवऱ्याच्या तोंडून हेच सगळं बरोब्बर उलटं, त्याची 'आली' माझी 'आल्या' आणि माझी 'आली' त्याची 'आल्या'. म्हणजे एकच वाक्य, बोलणारा बदलला की आई बदलते.

बाबांच्या बाबतीत हा घोळ झालाच नाही. कारण माझे बाबाही 'तुम्ही' आणि सासरेही 'तुम्ही', दोघंही 'बाबा आले', विषय संपला. उलट तिथे रोज स्पष्ट करावं लागतं की माझे बाबा का तुझे बाबा. माझ्या पिढीत बहुतेक घरांत असंच होतं ना, आई 'तू' आणि बाबा 'तुम्ही'? आईला 'अगं आई', बाबांना 'अहो बाबा'. आई गेली, बाबा गेले. लहानपणी याचा कधी विचारच केला नाही, वाटायचं बाबा घरातले मोठे म्हणून. आई तर बाबांपेक्षा दोनच वर्षांनी लहान, नोकरी करायची, शाळेची फी तीच भरायची, पण ती 'तू'च. आईला 'तू' म्हणण्यात प्रेम आहे हे खरंच आहे, पण घरात तिला विचारून किती गोष्टी ठरायच्या हेही त्याच 'तू'मध्ये कुठेतरी आहे, हे मला फार उशिरा कळलं. आता माझी मुलगी दोघांनाही 'तू' म्हणते आणि तिच्या आजोबांना ते ऐकताना दर वेळी किंचित ठसका लागल्यासारखं होतं.

तर सासूबाई. आमच्या सासूबाई साताऱ्याकडच्या, गावात मोठं घर, शेती. त्या भागात जुन्या बायका सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्याला मामंजी किंवा नुसतं मामा. कारण आतेभावाशी लग्न व्हायची रीत होती, तेव्हा सासू खरोखरच सख्खी आत्या असायची आणि आत्याचा नवरा तो मामा. म्हणजे नातं आधीपासूनचं, तरी सून झाली की सगळं 'अहो-जाहो'वर जायचं. सासूबाईंनी मला सांगितलेली गोष्ट अशी की त्या लग्न होऊन आल्या तेव्हा सगळ्यात धाकटी नणंद नऊ वर्षांची होती. तिच्या वेण्या यांनीच घालायच्या. आणि ती नऊ वर्षांची पोरगी यांची 'वन्सं', तिला 'तू' म्हणायची सोय नाही. त्यामुळे मांडीवर डोकं धरून, केसांतला गुंता सोडवत, "वन्सं, हलू नका, दुखंल तुम्हाला." ती मात्र यांना "ए वहिनी, लवकर घाल की." हे सांगताना सासूबाई इतक्या हसायच्या की डोळ्यांतून पाणी यायचं. मला ते पाणी सगळंच हसण्याचं वाटायचं नाही, असो.

बहुतेक म्हणूनच त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं, "मला तू म्हण. आई म्हणतीस ना, मग आईला कोण तुम्ही म्हणतं का?"

झालं. माझं टेन्शन तिथून सुरू झालं.

कारण 'तू म्हण' सांगणं सोपं आहे, जीभ काही सांगून वळत नाही. 'तुम्ही' म्हटलं तर त्यांना वाटणार हिने परकंच ठेवलं, 'तू' म्हटलं तर माझ्याच कानाला ते असं काही लागायचं की जणू मी त्यांच्या ताटातलं न विचारता उचललं. मग मी काय केलं, तर जवळजवळ दीड वर्ष त्यांच्याशी बोलताना दोन्ही टाळलं. दीड वर्ष! आणि मराठीत हे किती वेळ निभावता येतं आणि नेमकं कुठे अडकतं याचा माझा आता इतका अभ्यास झालाय की त्यावर मी क्लास घेऊ शकते.

सर्वनाम गाळणं सोपं आहे, आपण मराठीत तसंही ते गाळतोच. पण क्रियापदाच्या शेपटीत ते लपून बसलेलं असतं, खरी पंचाईत तिथे. "कधी आलीस?" आणि "कधी आलात?" यात तू नाही आणि तुम्ही नाही, पण सगळं कळतंच की. म्हणून युक्ती अशी करायची की ज्या माणसाशी बोलतोय त्याला वाक्याचा कर्ताच ठेवायचा नाही. "जेवण झालं का?" यात कर्ता जेवण. जेवण झालं, कोणाचं झालं ते जेवणालाच माहीत. मला तर आता वाटतं की हा प्रश्न इतका चालतो, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यापासून व्याह्यांपर्यंत सगळे हाच विचारतात, त्यामागे आपुलकी असेल तर असेल, पण अर्धं कारण हे आहे की त्यात कोणाला काय म्हणायचं ते ठरवावं लागत नाही.

दुसरी युक्ती मला चुकून सापडली. सासूबाईंना बीपीची गोळी असते सकाळची. पुस्तकी मराठीत मी विचारलं असतं 'गोळी घेतलीस का' किंवा 'गोळी घेतलीत का'. पण बोलताना आपण तो शेवटचा स आणि त सर्रास खातो, नुसतं 'गोळी घेतली का?' म्हणतो. आणि तिथे क्रियापद गोळीच्या मागे जातं, गोळी बाई म्हणून घेतली, चहा पुरुष म्हणून घेतला, दूध घेतलं. समोर सासूबाई आहेत का धाकटी बहीण, काही फरक नाही. त्यामुळे गोळी घेतली का, पेपर वाचला का, देवपूजा केली का, हे सगळं मी दिवसभर बिनधास्त विचारू शकत होते. पण झोपणं, बसणं, येणं, जाणं, म्हणजे ज्यात काही घ्यायचं-खायचं नाही, नुसतं स्वतःच करायचंय, तिथे सुटका नाही. झोपली होतीस का, झोपला होतात का, काहीतरी एक बोलावंच लागतं. मग मी 'झोप लागली का रात्री?' वर आले. परत कर्ता झोप. 'बरी आहेस का' ऐवजी 'बरं वाटतंय का आता?' आणि 'देवळात येतेस का' ऐवजी 'जायचं ना देवळात?' हे 'जायचं', 'करायचं', 'घ्यायचा' म्हणजे तर वरदान आहे, त्यात समोरच्याचा ना पुरुष कळतो ना वचन.

गावाकडे याच्याही पुढची कला आहे. एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस "पाव्हणं, कुठलं म्हणायचं गाव?" असं विचारतो ते ऐका एकदा नीट. पाव्हणं म्हणून मान दिला, पण तू का तुम्ही ते बोललाच नाही, आणि प्रश्न गावाबद्दल विचारला. किंवा घरातलं कोणी नटून बाहेर पडताना "कुठं निघाली स्वारी?" म्हणजे समोरचा माणूस चक्क तिसराच कोणी झाला, स्वारी झाली. आमचे सासरे सासूबाईंना हेच म्हणायचे. आणि सासूबाई त्यांना थेट काहीच नाही, नुसतं "ऐकलं का?"

हे सगळं जिथे संपतं त्या जागा मोजक्याच आहेत पण पक्क्या आहेत. रोजची सवय विचारायची असेल तर, म्हणजे 'या भाजीत गूळ घालतेस का घालता', तिथे 'घालायचा का' म्हटलं तर अर्थच बदलतो, ती परवानगी होते. (त्यामुळे पहिलं वर्षभर मी प्रत्येक गोष्टीची परवानगी मागणारी फार गुणी सून वाटत होते, खरं तर मी फक्त व्याकरण चुकवत होते.) लांबून हाक मारायची असेल तर अगं का अहो, तिथे नुसतं लांबवून 'आईऽऽ' चालून जातं. आणि तिसरी जागा आज्ञार्थ. घाईत काही सांगायचं असेल तर मराठीत पळवाट नाही. बस किंवा बसा. धर किंवा धरा. सोड किंवा सोडा. एका कान्याचा फरक आणि मध्ये काही नाही.

त्या कान्यावरच मी सापडले.

दिवाळीचे दिवस, पुण्यात आमच्याकडे आल्या होत्या त्या, चकल्या तळणं चाललेलं. मागच्या शेगडीवर काहीतरी बघायला वाकल्या आणि पदर पुढच्या शेगडीच्या अगदी जवळ गेला. मी ओरडले, "आई पदर धर!"

धरा नाही. धर. घाबरल्यावर माणूस काना खातो.

त्यांनी पदर ओढला, कमरेला खोचला, आणि काही न बोलता पुढची चकली सोडली. मी पण काही बोलले नाही. पण कानात ते 'धर' घुमत राहिलं, आणि पाच मिनिटांनी त्यांनीच मुद्दाम हळूच विचारलं, "झारा कुठाय गं?" आणि मी म्हटलं "तुझ्या मागे." म्हटलं, आता गेलंच आहे तर जाऊ दे. त्यांनी मान हलवली, झारा घेतला. बास, एवढाच समारंभ.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती, पण मग 'आपण'चं काय, असं कोणी विचारेल. तीन आहेत ना, तू, तुम्ही, आपण. शाळेत एका ओळीत शिकवतात, तू साधं, तुम्ही आदर, आपण फार आदर, जिन्याच्या तीन पायऱ्या असल्यासारखं. मला हे कधीच पटलं नाही. माझ्या आयुष्यात मला 'आपण' कोण म्हणतं? फोनवरची रेकॉर्ड केलेली बाई, 'आपण रांगेत आहात'. लग्नपत्रिका, 'आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे'. सभेत सूत्रसंचालन करणारे, 'आपण दोन शब्द बोलावेत अशी मी आपणांस विनंती करतो'. हा मान मला, या माझ्या व्यक्तीला, मिळालेला नाही, तो खुर्चीला किंवा पाकिटावरच्या पत्त्याला मिळालाय. ज्याला माझी ओळख आहे आणि माझ्याबद्दल आदर आहे तो मला 'तुम्ही' म्हणतो. घरात कोणी मला अचानक 'आपण' म्हणालं, 'आपण काय म्हणालात?', तर मी समजते की भांडण लागलंय.

पण याच 'आपण'चा दुसरा चेहरा आहे आणि तो पार उलटा आहे. 'आपण बसा' म्हणजे सगळ्यात लांबचा तुम्ही, आणि 'आपण बसू' म्हणजे सगळ्यात जवळचे आम्ही, मी आणि तू मिळून. शब्द एकच, क्रियापद शेवटी येऊन सांगतं की तू त्या टोकाला आहेस का इथे माझ्या शेजारी. आपण आलात, आपण आलो. आपण याल, आपण येऊ. वाक्य संपेपर्यंत श्वास रोखून धरायचा. शब्दाचं मूळ बघितलं तर तो संस्कृतच्या आत्मन्‌वरून प्राकृतातून आलेला, म्हणजे मुळात 'स्वतः'. तो अर्थही अजून जिवंत आहे, 'सगळ्यांना वाढलं आणि आपण मात्र उपाशी राहिली' यात आपण म्हणजे ती स्वतः. आणि मुंबईत नाक्यावरचा पोरगा छाती काढून 'आपण नाय कुणाला घाबरत' म्हणतो तेव्हा आपण म्हणजे नुसता तो एकटा, मी.

या दुसऱ्या 'आपण'नी मला त्या दीड वर्षात सगळ्यात जास्त वाचवलं. 'जेवता का' नाही, 'जेवतेस का' नाही, 'आपण जेवूया का?' दोघी मिळून, त्यात लहानमोठं कोणीच नाही. (डॉक्टर लोकही हे करतात बघा, 'आता आपण एक इंजेक्शन घेऊया', आणि सुई फक्त मलाच.)

आणि खरं सांगू का, सुनेचे कान 'तू' आणि 'तुम्ही'कडे नसतातच. ते असतात 'आमच्याकडे' आणि 'आपल्याकडे'कडे. 'आमच्याकडे गौरीला असं नसतं' आणि 'आपल्याकडे गौरीला असं नसतं', सूचना तीच आहे, चूक तितकीच दाखवलीय, पण पहिल्यात मी उंबऱ्याच्या बाहेर उभी आहे आणि दुसऱ्यात आत. इंग्रजीत आणि पुस्तकी हिंदीत हा फरक सर्वनामात करता येत नाही, तिथे नुसतं 'वी', नुसतं 'हम'. मराठीत दर वाक्याला ठरवावं लागतं की समोरच्याला आत घ्यायचं का नाही. सासूबाई मला पहिल्या महिन्यात 'तू म्हण' म्हणाल्या पण त्यांच्या तोंडून 'आपल्याकडे' यायला बराच काळ गेला, आणि तो बदल त्यांना स्वतःला कळलाही नसेल. मला तारीख आठवत नाही पण विषय आठवतो, पाहुण्यांना द्यायच्या साड्यांचा होता. "आपल्याकडे एवढी भारी देत नाहीत." मी साडी घडी करून ठेवली आणि मनातल्या मनात ते वाक्यसुद्धा.

पण मी जे सांगायला बसले ते अजून पुढेच आहे.

मला एक मोठ्या जाऊबाई आहेत. माझ्या आधी अकरा वर्षं त्या घरात आल्या. गावालाच असतात, सासूबाईंचं रोजचं सगळं त्यांनीच बघितलंय, आजारपणं काढलीत. त्या सासूबाईंना आत्याबाई म्हणतात, 'तुम्ही' म्हणतात. मी जाऊबाईंना 'तुम्ही' म्हणते, त्या मला 'तू'. ही सगळी उतरंड व्यवस्थित लागलेली होती, आणि मी सासूबाईंना 'तू' म्हटलं की ती कुठे कुठे हलते हे मी बघितलंच नव्हतं. मला वाटत होतं हा माझा आणि त्यांचा, दोघींचा मामला आहे.

त्या दिवाळीनंतर आम्ही गावाला गेलो. रात्री ओसरीवर सगळे बसलेले, मी आतून पाणी घेऊन आले आणि सहज बोलून गेले, "आई, तू घेतेस ना पाणी?" चार महिने पुण्यात तीच सवय झालेली. कोणी काही बोललं नाही. सासूबाईंनी तांब्या घेतला. जाऊबाई निवडत असलेल्या शेंगांकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला म्हणाल्या, "तुमचा चहा ठेवलाय."

आधी मला वाटलं माझा आणि नवऱ्याचा मिळून म्हणताहेत. 'तुम्ही'चं हे एक आहेच, एकाला का सगळ्यांना ते कळत नाही. मग म्हणाल्या, "तुम्ही बसा, मी बघते." नवरा तर शेतावर गेलेला. म्हणजे मला. जवळजवळ दोन वर्षांत पहिल्यांदा मला 'तुम्ही'. त्यानंतर दोन दिवस, तुम्ही घ्या, तुम्ही राहू द्या, तुम्हाला सवय नसेल. आवाज चढलेला नाही, शब्द वाकडा नाही, कोणाकडे तक्रार करावी असं एक अक्षर नाही. भांडणात माणसं एकेरीवर येतात हे सगळ्यांना माहितीय, अरेला का रे म्हणतात वगैरे. पण बायकांच्या भांडणात, म्हणजे ज्यात भांडता येत नाही अशा भांडणात, माणसं एकेरीवरून वर जातात. तू काढून घ्यायचं आणि तुम्ही द्यायचं. मान वाढवून दाराबाहेर काढायचं. त्याला उत्तरही देता येत नाही, काय म्हणणार, मला आदर देऊ नका?

मी एकदा भांडी घासताना विषय काढला. म्हटलं, त्यांनीच सांगितलं होतं मला. जाऊबाई म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं. आम्हाला कोण सांगणार?"

आम्हाला! एकट्या होत्या त्या, पण आम्हाला.

तेव्हा मला कळलं की 'मला तू म्हण' हे वाक्य कोण बोलू शकतं हेच मुळात ठरलेलं असतं. वरच्याने खालच्याला सांगायचं. मी सासूबाईंना 'आता मी तुम्हाला तू म्हणते' असं सांगू शकत नव्हते, आणि जाऊबाई तर नाहीच. आणि सासूबाईंनी ते मला दिलं, शिकलेली, शहरातली, वर्षातून चार वेळा येणारी. जिने अकरा वर्षं जास्त काढली तिला द्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण ती 'तुम्ही'मध्ये चपखल बसली होती. जवळ असूनही. त्या दोघी एकमेकींना इतक्या ओळखतात की सासूबाईंनी हात पुढे केला की जाऊबाईंना कळतं पाणी हवंय का काठी, माझ्या 'तू'ला त्यातलं काही येत नाही. म्हणजे सर्वनामावरून अंतर मोजायला गेलं तर आमच्या घरात माप साफ चुकतं.

त्याच घरात एक म्हातारे गडी होते, सासऱ्यांच्याही आधीपासूनचे. सत्तरीचे तरी असतील. त्यांना घरातली लहान पोरंसुद्धा नावापुढे काही न लावता 'ए' करून हाक मारायची, आणि ते त्या सात वर्षांच्या पोराला 'मालक, तुम्ही' म्हणायचे. पहिल्या वेळी गेले तेव्हा मी त्यांना 'काका, तुम्ही बसा ना' म्हटलं तर ते खरंच घाबरले, उठूनच उभे राहिले, आणि सगळ्यांना वाटलं मी काहीतरी नाटक करतेय. वयाचा मान, वयाचा मान म्हणतो आपण, पण तो कोणत्या जातीच्या वयाला, हे कोणी व्याकरणात लिहीत नाही. माझ्या 'काका'ने त्यांचं काही बदललं नाही. फक्त ते माझ्यासमोर यायचं टाळायला लागले, एवढं झालं. पोरांना कोणीतरी 'ए' सोडायला सांगायला हवं होतं, ते मी केलं नाही, पाहुणी होते ना.

जाऊबाईंचं असं झालं. सासूबाईंना कोणीतरी सांगितलं असावं किंवा त्यांना दिसलंच असेल. तिसऱ्या दिवशी दुपारी तिघी बसलेलो तेव्हा त्या जाऊबाईंना म्हणाल्या, "तू पण तू म्हण की मला." जाऊबाई लगेच म्हणाल्या, "नको आत्याबाई, आता जिभेला वळण पडलंय." आणि त्यात राग नव्हता बरं का, उलट मला तर थोडी ऐटच वाटली. उशिरा आलेलं त्यांनी घेतलं नाही. मीही त्या दिवसापासून गावाला असले की सासूबाईंना 'तुम्ही'वर परत गेले आणि पुण्यात 'तू'. सासूबाईंनी याबद्दल आजतागायत विचारलं नाही. पहिल्या वेळी त्यांनी फक्त एकदा माझ्याकडे आणि एकदा जाऊबाईंकडे बघितलं. फोनवर गावातून बोलत असल्या तर त्या 'हॅलो' म्हणतानाच मला अंदाज येतो की शेजारी कोण बसलंय, आणि तिसऱ्याच कोणाचा आवाज आला की माझं परत सुरू होतं, जेवण झालं का, गोळी घेतली का, झोप लागली का.

पण जाऊबाईंचं मला 'तुम्ही' चालूच होतं. निघायचा दिवस आला. मी वर माडीवर बॅगा भरत होते, गॅसवर मुलीसाठी दूध ठेवून आले होते आणि साफ विसरले होते. जाऊबाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. एकदम खालून त्यांचा आवाज, सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असा, "अगं ए, कुठायस? दूध उतू चाललंय बघ!"

मी जिना धडाधड उतरून आले तोवर त्यांनी गॅस बंद केला होता. शेगडीवर सगळं पांढरं झालेलं, करपल्याचा वास. मी फडकं शोधत होते तर त्यांनीच खांद्यावरचं काढून माझ्या हातात दिलं.

"घे, पूस," त्या म्हणाल्या.